अनियमित कमाईचे नियोजन (बेळगाव सीमाभाग)

ज्यांची कमाई महिन्यागणिक बदलते, त्यांनी तेजीच्या महिन्यांत पैसे बाजूला काढून मंदीचे महिने निभावण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी यांचे वर्ष पावसाने दुभंगते. खानापूरकडे जून लागला की बाहेरची कामे थंडावतात ती सप्टेंबरपर्यंत.

घरांना रंग देणाऱ्या एका रंगाऱ्याचा नमुना हिशोब असा. नोव्हेंबर ते मे दरमहा २६,००० रुपये, जून ते सप्टेंबर ८,००० आणि ऑक्टोबरात १८,०००. वर्षाचे होतात २,३२,००० रुपये, म्हणजे महिन्याची सरासरी १९,३०० च्या आसपास. पण घरखर्चाला सरासरीएवढी रक्कम धरली, तर आजारपणाला किंवा नव्या शिडीला काही उरत नाही. म्हणून तो घरात बाराही महिने १७,५०० च देतो. चांगल्या सात महिन्यांत दरमहा ८,५०० आणि ऑक्टोबरात ५०० मागे पडून ६०,००० जमतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ९,५०० प्रमाणे ३८,००० खर्ची पडतात आणि २२,००० हाताशी राहतात.

हिशोब बिघडतो तो बहुधा मालाच्या पैशांमुळे. मटेरियलसकट काम घेतले की मालक आगाऊ रक्कम देतो. ती रंगाच्या दुकानदाराची, रंगाऱ्याची नव्हे. ती कमाईत धरली की महिना उगाच भरघोस दिसतो. मजुरी आणि माल यांची वही वेगळी ठेवणे हाच त्यावर उपाय. ऐन मार्च-एप्रिलमध्ये किराणा दुकानात उधारी वाढू लागली, तर घरात ठरल्यापेक्षा जास्त जात आहे किंवा ठरवलेला आकडाच चुकला आहे, असे समजावे.

पैसे ठेवायला या भागात पिग्मी रुळलेली आहे. १९२८ मध्ये टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने ती रोज दोन आण्यांपासून सुरू केली. एजंट रोज दारात येतो, त्यामुळे कामाच्या दिवशी साडेतीनशे रुपये काढून देणे महिनाअखेरीस साडेआठ हजार शोधण्यापेक्षा सोपे जाते. मुदत मात्र पाहून घ्यावी. जानेवारीत उघडलेली वर्षाची पिग्मी नेमकी पावसाळ्यात मोडावी लागते आणि व्याज बुडते; जूनमध्ये उघडलेली पुढच्या जूनला हाती येते. शिवाय बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला तो लागू नाही. भिशीचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसल्याने पावसाळ्यासाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

सुरुवात दिवाळीनंतर करणे सोयीचे. एप्रिलमध्ये सुरू केल्यास मेअखेर १७,००० च जमतात. पावसाळ्यात महिन्याला ४,२५० चीच भर पडते. त्या वर्षी १२,२५० मध्ये घर चालवावे लागते, आणि शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही त्याच जूनमध्ये येतो.