चाई पडलीय की पोरगी स्वतःच केस उपटतेय? दोन्हीतला फरक

डोक्यावर रुपयाएवढी जागा मोकळी दिसली की आपल्या कोल्हापुरात निदान घरातच होतं, चाई पडली. मग कांदा चोळा, लसूण चोळा, नाहीतर सरळ चकोट करून टाका म्हणजे केस दाट येतील. मी इथं राजारामपुरीत पोरांचं समुपदेशन करते आणि वर्षातनं दोन-तीन घरं तरी माझ्याकडं अशी येतात की सहा-सहा महिने चाई म्हणून उपचार केलेत आणि जागा काही भरत नाही, कारण ती चाई नसतेच, पोर स्वतःच केस उपटत असतं. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात, नाव भयंकर वाटतंय पण हॅलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १८८९ साली दिलेलं जुनं नाव आहे, अर्थ एवढाच की केस उपटायची अनावर ओढ. शंभरात एक-दोघांना आयुष्यात कधीतरी होतं आणि सुरुवात बहुतेक वेळा दहा ते तेरा वर्षांच्या आसपास, म्हणजे पोर पाचवी ते आठवीत असताना.

उलटी चूकही होते बरं का, आणि ती जास्त वाईट. खरी चाई पडलेल्या पोराला घरचे म्हणतात "तूच उपटतोयस, खोटं बोलू नको". त्यामुळं आधी दोन्ही नीट शेजारी ठेवून बघूया.

चाईत आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून केसाच्या मुळावर हल्ला करते. केस आपणहून गळतो, कुणी ओढत नाही. जागा गोल किंवा अंडाकृती, कडा स्वच्छ, आणि आतली कातडी गुळगुळीत, हात फिरवला तर गालावर फिरवल्यासारखं लागतं. कडेला नीट बघितलं तर काही आखूड केस दिसतात जे टोकाला जाड आणि कातडीजवळ बारीक असतात, उद्गारचिन्हासारखे. कडेचे केस डॉक्टर चिमटीत धरून हलके ओढतात तेव्हा आजार वाढत असेल तर सहज हातात येतात. काही जणांच्या नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, आणि नवीन केस कधीकधी आधी पांढरे येतात, त्याला घरचे घाबरतात पण पुढं बहुतेकदा रंग येतो.

उपटलेल्या जागेचं सगळं वेगळं. आकार वेडावाकडा, आणि मुख्य म्हणजे जागा पूर्ण मोकळी नसते. हात फिरवला की खरखरीत लागतं, दोन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखं, कारण काही केस मुळासकट आलेले, काही मधेच तुटलेले, काही नुकते उगवलेले, प्रत्येकाची उंची वेगळी. उरलेले केस मात्र घट्ट असतात, हलकं ओढून येत नाहीत. त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातनं बघतात तेव्हा वेगवेगळ्या उंचीचे तुटके आणि वळवटलेले केस दिसतात आणि शंका बऱ्यापैकी मिटते. भुवया आणि पापण्या या दोन्ही आजारांत जाऊ शकतात, त्यामुळं निव्वळ त्यावरनं ठरवू नका. आणि पापुद्रे सुटत असतील, खाज असेल, तर तिसरीच गोष्ट, बुरशी, तिला पोटातनं गोळ्या लागतात. म्हणून पहिली फेरी त्वचेच्या डॉक्टरकडंच, माझ्याकडं नाही. इथल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचा आणि मानसोपचार दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, ते या बाबतीत सोयीचं पडतं.

आता एक उदाहरण सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, मुलीला सई म्हणूया). सई नववीत, डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा विरळ. आजीचं ठाम मत, "चाईच हाय ती, माझ्या भावाला बी पडलेली." लसूण चोळून चोळून कातडी भाजलेली, ते वेगळंच दुखणं. डॉक्टरांनी उपटण्याची शंका सांगितली तेव्हा आईचा मुद्दा असा की "ओ मॅडम, ती उजव्या हातानं सगळं करते, टक्कल डाव्या बाजूला, मग ती कशी उपटंल?" मुद्दा पटण्यासारखा होता. पण उजव्या हातात पेन असतं ना! अभ्यासाला बसली की डावा हात रिकामा, कोपर टेबलावर, डोकं तळव्यावर टेकलेलं, आणि बोटं आपोआप केसात. आईनं कधी बघितलं नव्हतं कारण दार लोटलेलं असायचं.

सईला मी "उपटतेस का" असं विचारलं नाही. असं विचारलं की बहुतेक पोरं नाहीच म्हणणार, ते खोटं नसतं, लाज असते, आणि कितीतरी वेळा त्यांना खरंच कळत नाही. "बऱ्याच मुलामुलींची बोटं अभ्यास करताना केसात जातात, तुझी जातात का" एवढंच विचारलं. ती रडली आणि मग सांगत सुटली. उपटणं दोन तऱ्हेचं असतं. एक नकळत, वाचताना, टीव्ही बघताना, नंतर वहीवर केस पडलेले दिसतात तेव्हा कळतं. दुसरं जाणूनबुजून, आरशासमोर, एखादा जाड राठ केस शोधून, आत काहीतरी ताण साठलेला असतो आणि केस निघाला की क्षणभर मोकळं वाटतं. सईला दोन्ही होतं. केस निघाला की त्याचं मूळ ओठावर फिरवायची. इथं मी हळूच विचारते की तोंडात घालतेस का, गिळतेस का, कारण केस पचत नाहीत, पोटात गोळा होतो. गिळणाऱ्या पोराचं पोट दुखतंय, थोडं खाल्लं की भरतंय, उलट्या होतायत, वजन उतरतंय असं असेल तर थांबायचं नाही, डॉक्टरकडं. गोळा मोठा झाला तर ऑपरेशन करून काढावा लागतो. सई गिळत नव्हती.

उपचाराचं नाव सवय उलटवण्याचं प्रशिक्षण, अझरिन आणि नन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ ला मांडलं आणि आजही यात सगळ्यात भरवशाचं तेच. पहिला आठवडा काही थांबवायचं नाही, फक्त वही. कधी, कुठं, कोणता हात, आधी काय वाटत होतं, केसाचं काय केलं. सईची वही बघून आम्ही दोघी चकित, कारण तिला वाटायचं दिवसभर चालतं, पण बहुतेक नोंदी संध्याकाळी सात ते नऊ, टेबलावर, आणि त्यातही गणिताच्या वेळी. दुसरी जागा बाथरूमचा आरसा. म्हणजे चोवीस तासांची लढाई नव्हतीच, दोन ठिकाणांची होती.

मग हात डोक्याकडं निघाला की करायची दुसरी क्रिया ठरवली. डाव्या हाताची मूठ, कोपर कमरेला दाबून, एक मिनिट, ओढ ओसरेपर्यंत. अशी क्रिया निवडायची की ती करताना उपटता येणारच नाही आणि वर्गात कुणाला दिसणारही नाही. अभ्यासाला डाव्या हातात चिंचोका, एका बाजूनं दगडावर घासून खरखरीत केलेला, कारण तिच्या बोटांना खरखरीतच हवं होतं, गुळगुळीत स्माइली बॉल तिनं दोन दिवसांत फेकला. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटपट्टी, म्हणजे केस धरताच येत नाही आणि हात गेला की लगेच कळतं. केसांना तेल लावून घट्ट वेणी, तेलकट केस बोटातनं निसटतो (इथं आजी खूश). बाथरूममधला प्रखर बल्ब बदलला, भुवयांचा चिमटा आईच्या कपाटात. आणि टीव्हीसमोर आजीबरोबर वाती वळायला बसायचं, दोन्ही हात गुंतलेले. वाती वळणं हा माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय निघाला.

सगळ्यात अवघड आईचं होतं. "हात खाली घे की गं!" हे दिवसातनं वीस वेळा. त्यानं ताण वाढतो आणि पोरगी बाथरूममध्ये जाऊन उपटते. ठरवलं की काही बोलायचं नाही, टेबलावर पाण्याचा पेला आणून ठेवायचा, तीच खूण, आणि खूण सईनं स्वतः निवडलेली. केस मोजायचे नाहीत, पाहुण्यांसमोर विषय नाही, आणि "केस आले की मोबाईल देते" असली बक्षिसं नाहीत. बक्षीस द्यायचंच असेल तर मूठ आवळल्याबद्दल द्या, केस वाढणं तिच्या हातात नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक अडचण येते ती आधी सांगून ठेवायला हवी. नवीन केस काट्यासारखे टोचतात, आणि तेच टोचणं बोटांना बोलावतं, म्हणजे बरं होताना ओढ वाढल्यासारखी वाटते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ते आखूड केस लवचीक व्हायला दोन-तीन महिने जातात, तोवर घरात स्कार्फ बांधायचा. चकोट करू नका, मुलीला शाळेत तोंड दाखवायला नको होतं, आणि केस वाढले की सवय परत.

औषधाचं विचारतात सगळे. मुलांमध्ये या सवयीवर हमखास चालणारी गोळी नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचं नाव इंटरनेटवर फार दिसतं, २००९ च्या अभ्यासात मोठ्या माणसांना त्याचा फायदा दिसला पण २०१३ ला मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या साखरेच्या गोळीइतकाच परिणाम आला. सोबत उदासी, घाबरणं, जीव नकोसा वाटणं असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ हवेतच, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. आणि खऱ्या चाईला चिंचोका-मुठीचा काही उपयोग नाही, तिथं जागेवर स्टिरॉइडचं मलम किंवा बारीक इंजेक्शनं, आणि छोटी जागा असेल तर बऱ्याचदा वर्षभरात आपणहून भरते.

सईची जागा चार महिन्यांत भरत आली. सहामाहीच्या आठवड्यात परत उपटले, गणिताच्या आदल्या रात्री, तीसेक असतील. आईचा फोन आला, आवाज पडलेला, "सगळं पाण्यात गेलं मॅडम." मी म्हटलं वही काढायला सांगा. सईनं लिहिलं होतं, वेळ रात्री अकरा, चिकटपट्टी संपलेली, चिंचोका दप्तरात. आता एक चिंचोका दप्तरात, एक टेबलावर आणि एक आजीच्या वातींच्या डब्यात असतो.