नवी स्टिक, जुना टीव्ही आणि पिवळ्या पिनेतली गर्दी

ऑनलाइन एक वायर मिळते, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना. फोटो बघून कुणालाही वाटतं की झालं काम, आजोबांच्या खोलीतल्या डब्बा टीव्हीवर आता फायर टीव्ही स्टिक चालणार. मग वायर येते आणि पहिल्यांदा लक्षात येतं की स्टिकलाही मेल पिन आहे आणि वायरलाही मेल, म्हणजे दोघं एकमेकांत शिरतच नाहीत. लोक मग जोडायला अजून एक फिमेल तुकडा आणतात, तरी पडदा निळाच. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर जुन्या टीव्हीला स्टिक चालत नाही.

चालते हो. ती वायर चालत नाही, आणि कधीच चालणार नाही. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं, शून्य आणि एक, प्रचंड वेगात. पिवळ्या पिनेला मात्र साधारण एक व्होल्टच्या आत वरखाली होणारी एकच लाट लागते. आकडे वाचायचे, चित्र लहान करायचं, त्याची लाट बनवायची, हे चिपचं काम आहे, तांब्याच्या तारेचं नाही.

ती चिप एका छोट्या डबीत मिळते, एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर. घेताना एकच गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा, कारण हुबेहूब तशीच दिसणारी उलट्या दिशेची डबीपण मिळते, जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला लावायची. आपल्या डबीवर एचडीएमआयच्या भोकाशी इनपुट आणि तीन रंगीत भोकांशी आउटपुट लिहिलेलं पाहिजे. डबीला ५ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो आणि स्टिकला तिचा स्वतःचा, म्हणजे दोन प्लग. स्टिकला अशक्त चार्जर दिला की ती लोगोपर्यंत येते आणि परत पहिल्यापासून सुरू होते, हे दिसलं तर डबीला शिव्या देऊ नका.

डबीवर एक बारीक बटण असतं, पाल आणि एनटीएससी असं, या रंगीत टीव्हीचा सिग्नल पाठवायच्या दोन पद्धती. भारतात पालवर ठेवायचं. ते चुकून दुसरीकडे असेल आणि टीव्ही फक्त पाल समजणारा असेल तर चित्र काळंपांढरं येतं किंवा वरखाली पळत राहतं. आणि इथंच खरी मजा आहे, कारण रंग का गेला हे समजलं की मेनूतली अक्षरं का फुटतात हेपण समजतं.

रंगीत टीव्ही आला तेव्हा लोकांच्या घरी काळेपांढरे टीव्ही होतेच, आपल्याकडेही १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा तीच परिस्थिती. तर अट अशी होती की सिग्नलची जागा वाढवायची नाही, जुना टीव्ही बंद पडता कामा नये, आणि तरीही रंग पाठवायचा. आधीचा सिग्नल म्हणजे फक्त उजेड-अंधार, एकामागून एक आडव्या रेषा, पालमध्ये सेकंदाला १५,६२५. आता शेजारशेजारच्या रेषा बऱ्याचशा सारख्याच असतात, त्यामुळे या सिग्नलची ताकद सगळीकडे सारखी पसरत नाही, १५,६२५ च्या पटींपाशी गोळा होते आणि मधे रिकाम्या फटी राहतात. इंजिनियरांनी रंग त्या फटींत बसवला! लोकलच्या सीटवर चौथी सीट काढतात ना, तसंच. पालमध्ये रंगाची लाट बरोबर ४४,३३,६१८.७५ हर्ट्झची असते, हा विचित्र आकडा कुणी उगाच काढलेला नाही, १५,६२५ ला २८३.७५ ने गुणा आणि २५ मिळवा, येतो की नाही बघा. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला पडद्यावर न दिसणाऱ्या भागात याच लाटेची दहाएक आवर्तनं पाठवतात, टीव्ही त्यावर आपलं घड्याळ लावतो. ती आवर्तनं ओळखीची नसली की टीव्ही रंग सरळ बंद करतो, म्हणून बटण चुकलं की काळंपांढरं.

पण फटीत बसवलेली वस्तू परत वेगळी काढताना गोची होते. साधा टीव्ही काय करतो, ४४ लाखांच्या आसपास जे जे थरथरतंय ते सगळं रंग समजतो. एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा, तेवढ्या वेळात रंगाची लाट साधारण २३० वेळा वरखाली होते. आता स्टिकचं चित्र १९२० ठिपके रुंद, त्याला २३० ने भागा, आठाच्या थोडं वर येतं. म्हणजे मूळ चित्रात चार ठिपके काळे, चार पांढरे, परत चार काळे असं काही आलं की टीव्हीला तो रंग वाटणार. आणि मेनूतल्या बारीक अक्षरांच्या उभ्या रेघा किती जाड असतात, तीन-चार ठिपके! म्हणून अक्षरांभोवती हिरवट-जांभळी झाक येते, बारीक चौकटीच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं, लाल अक्षरांच्या कडेला ठिपके मुंग्यांसारखे सरकतात. त्याहून बारीक तपशील तर बहुतेक गळूनच जातो.

त्यामुळे 'फुल एचडी आउटपुट' छापलेली महागडी डबी किंवा सोन्याचा मुलामा दिलेली पिवळी वायर घेऊन यात काडीचा फरक पडत नाही, डबीवरचं १०८० हे ती आत काय घेते त्याबद्दल असतं, बाहेर ५७६ रेषाच पडतात. आणि स्टिक लावली की पिक्चर ट्यूब उडते असं जे काही लोक छातीठोकपणे सांगतात, तर एक व्होल्टाने ट्यूब उडत नसते.

उपाय असेल तर स्टिकच्या सेटिंगमध्ये आहे, थोडाफार. Display & Sounds मध्ये जाऊन रिझोल्यूशन 720p 50Hz करा. पाल सेकंदाला ५० वेळाच चित्र रंगवतो, ६० चं ५० करताना डबी मधली काही चित्रं गाळते आणि क्रिकेटचा बॉल किंवा सरकती पट्टी झटके खात जाते, ते बंद होतं. सबटायटलचा आकार मोठा करा. कडा कापल्या जात असतील तर Calibrate Display वापरा.

चेहरे लांबट दिसतील, कारण १६:९ चं चित्र ४:३ मध्ये कोंबलंय, रुंदी मूळच्या पाऊणपट. टीव्हीच्या रिमोटवर १६:९ चं बटण असलं तर ठीक, नाहीतर सगळे हिरो थोडे बारीक झाल्याचं समाधान.

आवाज आलाच नाही तर स्टिकमध्ये सराउंड बंद करून PCM निवडा, डबीला डॉल्बी बहुतेक वेळा कळत नाही. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर नुसती पांढरी पिन लावून डावा आवाजच मिळतो, संवाद ऐकू येतात पण गाण्यातली अर्धी वाद्यं गायब होतात, त्यासाठी दोनाची एक करणारी छोटी जोडपिन मिळते. आणि मेनू नीट दिसतोय पण सिनेमा लावला की पडदा काळा, असं झालं तर वायरी हलवत बसू नका, स्टिक कॉपी-संरक्षणाची ओळख विचारतेय आणि डबीला ती देता येत नाहीये. आधी दोन्ही बंद करून परत चालू करून बघा, नाहीच जमलं तर डबी परत करा.