तीन-दोन-एक नियम : छोट्या दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप

संगणकावरची माहिती गमावू नये म्हणून पाळायचा एक साधा दंडक. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी मूळ जागेपासून दूर असावी, एवढाच त्याचा आशय. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने डिजिटल छायाचित्रांच्या साठ्यासाठी तो या आकड्यांत मांडला आणि पुढे संगणकक्षेत्राने तो उचलला. प्रस्तुत नोंदीत सांगली शहरातल्या, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या छोट्या दुकानाला तो कसा लागू पडतो एवढेच पाहिले आहे. सांगलीत या नियमातल्या शेवटच्या ‘एक’चा अर्थ कृष्णेचे पाणी ठरवते.

मोजताना पहिली गल्लत ‘तीन’मध्येच होते. या तीन प्रतींत मूळ डेटा धरलेला आहे. म्हणजे गल्ल्यावरच्या संगणकात रोज नोंदी होतात ती पहिली प्रत आणि तिच्याखेरीज आणखी दोन. दुसरी गल्लत ‘दोन’ची. संगणकात सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतात म्हणून डेटा दोन्हीकडे ठेवणारे बरेच आहेत, पण पुष्कळदा ते एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. साधने वेगळी ठेवायची ती एकाच कारणाने दोन्ही एकदम बिघडू नयेत म्हणून. संगणकातली डिस्क आणि सुटी यूएसबी हार्ड डिस्क ही जोडी चालते. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्याला सोयीचा, पण वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यावर विसंबू नये. वीज न मिळालेल्या फ्लॅश मेमरीतली माहिती कालांतराने पुसट होत जाते.

बॅकअप नेमका कशासाठी, हे हिशेब गेल्यावर काय परत मिळवता येते आणि काय नाही, यावरून कळते. व्यापाऱ्यांना दिलेली जीएसटीची बिले पोर्टलवर जीएसटीआर-१ मध्ये बिलवार सापडतात. खरेदी जीएसटीआर-२बी मध्ये दिसते, कारण ती पुरवठादाराने भरलेली असते. बँकेतला आणि यूपीआयचा व्यवहार खातेउताऱ्यावरून उभा करता येतो. राहते ती किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी. किरकोळ विक्री पोर्टलवर नावानिशी जात नाही. कराच्या दरानुसार एकत्रित रक्कम तेवढी जाते. कोणी किती माल नेला, त्यांपैकी किती रोख टेकवले आणि उसाचे बिल आल्यावर देतो असे कोण सांगून गेला, हे फक्त दुकानाच्या खतावणीत असते. त्यामुळे छोट्या दुकानाचा बॅकअप हा खरे तर उधारीचा बॅकअप असतो. किती दिवसांनी घ्यायचा, हे ठरवतानाही किती दिवसांची उधारी आठवणीवर सोडायची आपली तयारी आहे, हाच प्रश्न असतो.

आता जागेचा मुद्दा. सांगलीत पुराचे माप आयर्विन पुलापाशी पाहतात : ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ च्या पुराची खूणही बुडाली. २००५ ची रेघ धरून ज्यांनी सामान वर चढवले होते त्यांचा अंदाज तिथे चुकला. जुलै २०२१ मध्येही पाणी धोका पातळीच्या बरेच वर होते. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड हा बाजारपेठेचा जुना भाग नदीच्या बाजूला आहे. तेव्हा गणपती पेठेतल्या दुकानाची ‘बाहेरची’ प्रत मालकाच्या खणभागातल्या घरी असेल तर पत्ता बदलला, धोका तोच राहिला. दुकानाच्या माळ्यावर ठेवलेली डिस्कही बाहेरची धरू नये : ती कोरडी राहिली तरी पाणी उतरेपर्यंत हाती लागत नाही, शिवाय आग आणि चोरी तिला खालच्या संगणकाइतकीच गाठतात. विश्रामबागेकडे किंवा मिरजेला नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क, नाहीतर इंटरनेटवरची साठवण, या दोहोंपैकी एक हवीच.

पुष्कळ दुकानदारांची एक बाहेरची प्रत नकळत आधीच तयार असते, ती म्हणजे कर सल्लागाराच्या कार्यालयात. विवरणपत्रासाठी डेटा तिकडे जातोच. मात्र वर्षाला ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार तिमाही योजनेत असेल, तर तो डेटा कधी कधी तीन महिन्यांतून एकदाच जातो. सल्लागाराचे कार्यालय दोन गल्ल्या पलीकडे असेल तर तेही त्याच पाण्यात. ही प्रत जमेला धरावी, पण वरची म्हणून; तीनांत मोजू नये.

उदाहरण म्हणून गणपती पेठेतले एक किराणा दुकान घेऊ. रोज साठ बिले, त्यांतली पंधरा उधारीची. दिवाणजी रोज दुकान बंद करताना टॅलीत `Alt+Y` दाबून बॅकअप घेतात आणि तो काउंटरखालच्या सुट्या हार्ड डिस्कवर टाकतात. दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर मालकाच्या मिरजेतल्या भावाकडे जाते. मोजले तर तीन प्रती, दोन साधने, एक बाहेर : नियम पुरा. समजा बुधवारी पहाटे पेठेत पाणी आले. आदल्या दोन दिवसांत सगळे साखरेची पोती आणि डाळी वर चढवण्यात गुंतलेले, काउंटरखालची डिस्क राहून गेली. मिरजेची प्रत शनिवारची. सोमवार-मंगळवारची १२० बिले आणि त्यांतली ३० उधारीच्या नावांची गेली (रविवारी दुकान बंद धरले आहे). बिलबुकाच्या स्थळप्रती कोरड्या असतील तर माल नेल्याच्या नोंदी पुन्हा चढवता येतील, पण त्या दोन दिवसांत कोणी जुन्या बाकीपोटी रोख आणून दिले ते स्थळप्रतीत नसते. पावतीबुकही भिजले असेल तर गिऱ्हाईक सांगेल ते मान्य करावे लागते.

याच दुकानाने तो रोजचा बॅकअप रात्री इंटरनेटवरही चढवला असता तर नुकसान जवळजवळ शून्यावर आले असते, आणि त्याला फारसे काही लागत नाही. बॅकअपची फाइल ३०० एमबीची धरली आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असला तर चार-पाच मिनिटांत काम होते. गूगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी जागा त्याला पुरते, फक्त जुन्या फाइली अधूनमधून काढाव्या लागतात. पुरात वीज आणि नेट दोन्ही जाऊ शकते, त्यामुळे ही प्रत सांगलीतच उघडता येईल असे नाही. पण कोल्हापूरला किंवा पुण्याला बसलेल्या कोणाला ती उतरवता येते. त्यासाठी खात्याचा पासवर्ड फक्त दुकानातल्या संगणकात साठवलेला असून चालत नाही.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. टॅलीचा चालू डेटाचा फोल्डरच ड्राइव्हशी जोडून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. तशा जोडणीत इकडे जे घडते ते तिकडेही घडते : चुकून पुसलेली कंपनी तिकडेही पुसली जाते, खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइली तशाच वर जातात. गूगल ड्राइव्ह फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवतो, म्हणजे महिन्याच्या आत लक्षात आले तर बरे. शिवाय टॅली उघडी असताना तिच्या फाइली अर्धवट अवस्थेत उचलल्या जाऊन डेटा बिघडू शकतो. म्हणून वर चढवायची ती टॅलीने बनवलेली बॅकअपची फाइल. त्याच व्हायरसमुळे सुटी डिस्कही काम झाले की काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क त्याच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असते.

टॅलीच्या ईआरपी ९ या जुन्या, पण अजून बऱ्याच दुकानांत चालणाऱ्या आवृत्तीत बॅकअपची फाइल नेहमी `TBK900.001` या एकाच नावाने बनते. त्याच फोल्डरात पुन्हा बॅकअप घेतला की कालची फाइल जाऊन आजची येते. वर्षभर इमानेइतबारे रोज बॅकअप घेतलेल्या दुकानाकडे प्रत्यक्षात एकच दिवस शिल्लक असतो, आणि डेटा चार दिवसांपूर्वीच बिघडलेला असेल तर तो दिवसही बिघडलेलाच. यावर सोपा उपाय म्हणजे डिस्कवर सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर करणे आणि महिनाअखेरची प्रत वेगळ्या फोल्डरात कायम ठेवणे.

बॅकअप धड आहे की नाही हे फाइलच्या आकारावरून कळत नाही. आकार एकाएकी निम्म्यावर आला तर संशय घ्यावा एवढेच. खरी परीक्षा ती परत उतरवून पाहण्याची. ती दुसऱ्या संगणकावर, नाहीतर निदान वेगळ्या रिकाम्या फोल्डरात करावी, कारण चालू डेटाच्या जागीच उतरवली तर जुना बॅकअप आजच्या नोंदींवर बसतो. उतरवल्यावर तेरीज जुळते का, रोजकीर्दीतला शेवटचा व्हाउचर क्रमांक तोच आहे का आणि चार मोठ्या उधारीदारांच्या बाक्या जुळतात का, हे पाहावे. तेरीज जुळूनही शेवटचा क्रमांक मागचा निघाला तर बॅकअप चांगला पण शिळा आहे, असा अर्थ. तिमाहीला एकदा, सल्लागाराकडे डेटा द्यायच्या दिवशीच, हे उरकून घेणे सोयीचे. टॅलीचा डेटा टॅलीव्हॉल्टच्या पासवर्डने बंद केला असेल तर तो पासवर्ड कागदावर लिहून बाहेरच्या प्रतीपासून वेगळा ठेवावा लागतो. विसरला तर तो परत मिळवण्याची सोय नाही. नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत उतरत नाही, हेही नातेवाइकाच्या जुन्या संगणकावर भिस्त ठेवणाऱ्याने आधीच तपासावे.

भिजलेल्या डिस्कबाबत मात्र घाई नको. ती चालू करून पाहू नये, उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुकवू नये. गाळ आत वाळला की डेटा काढणे आणखी अवघड होते. उधारीची दुसरी प्रत कुठेच नसेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे ती तशीच न्यावी. हा खर्च नव्या डिस्कच्या कैक पट असतो आणि हमी कोणी देत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर तीन-दोन-एक हे आकडे कोणत्याही कलमात नाहीत. पण जीएसटीच्या २०१७ च्या नियमावलीतला नियम ५७ संगणकावरच्या नोंदींचा बॅकअप ठेवायला सांगतो, आणि तोही असा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात त्या परत उभ्या करता याव्यात. पूर हे त्यांतलेच एक कारण. हिशेब किती काळ जपायचा हे कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे : त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली तर तो डेटा २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत उघडता आला पाहिजे. एवढ्या काळात पेनड्राइव्ह आणि टॅलीची आवृत्ती दोन्ही बदलतात, म्हणून वर्षअखेरच्या प्रती दर दोन-तीन वर्षांनी नव्या डिस्कवर हलवून, नव्या आवृत्तीत एकदा उघडून पाहाव्या लागतात.