चार थर, एकच माल, तरी पत्रा वाकडा का?

ड्रोन बनवणारी कॉलेजातली तीन मुलं मध्यंतरी कार्बन फायबरचा एक चौकोन घेऊन माझ्याकडे आली. बाजू १५० मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. सपाट प्लेटवर ठेवून १८० अंशांना क्युअर केलेला, म्हणजे तापवून त्यातलं रेझिन कडक केलेला. थंड झाल्यावर बाहेर काढला तेव्हा मात्र नळीच्या कौलासारखा वळलेला. एकाला वाटत होतं व्हॅक्यूम नीट लागला नाही, दुसऱ्याला रेझिन जुनं असल्याचा संशय. तिसरी म्हणाली, "सर, पुन्हा तापवून वर वजन ठेवलं तर बसेल का?" ज्या वर्कशॉपमध्ये त्यांनी काम केलं, तिथल्या कारागिराने तर 'पहिला पीस वाकडाच निघतो' असं सांगून विषय मिटवला होता.

मी एवढंच विचारलं, थर कसे रचले? "शून्य, शून्य, नव्वद, नव्वद." म्हणजे खालच्या दोन थरांचे तंतू एका दिशेने, वरच्या दोघांचे त्याला काटकोनात.

मग व्हॅक्यूमचा काही दोष नव्हता. हा पत्रा वाकायलाच हवा होता, आणि किती वाकेल हेही आधी सांगता आलं असतं.

प्रीप्रेग म्हणजे आधीच रेझिन भिनवलेले तंतू. त्याचा एक थर, म्हणजे प्लाय, साधारण ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. त्यात सगळे तंतू एकाच दिशेने जातात आणि मधली जागा इपॉक्सी रेझिन भरून काढतं. या थराला दोन स्वभाव आहेत. तंतूंच्या दिशेने तो पोलादाच्या जवळ जाणारा ताठ, आणि तापमान बदललं तरी त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. आडव्या दिशेने मात्र कारभार इपॉक्सीच्या हातात. तिथे ताठपणा चौदापट कमी, आणि दर अंशाला लांबी दशलक्षात सुमारे २८ भागांनी बदलते. १८० वरून २५ अंशांवर आलं की १५० मिलिमीटरचा सुटा थर आडवा सुमारे ०.६५ मिलिमीटर आखडेल. तंतूंच्या दिशेने आखडणं नावापुरतं.

आता खाली शून्याचे, म्हणजे पूर्व-पश्चिम तंतूंचे दोन थर आणि त्यांवर नव्वदाचे, म्हणजे दक्षिणोत्तर तंतूंचे दोन, असे चिकटलेले डोळ्यांपुढे आणा. क्युअर होताना १८० अंशांना हे एकमेकांना घट्ट धरतात, तेव्हा सगळे सपाट असतात आणि भांडण नसतं. थंड होऊ लागले की पूर्व-पश्चिम दिशेत वरच्या जोडीला आखडायचं असतं आणि खालची ढिम्म हलत नाही. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधल्या दोन धातूंच्या पट्टीसारखीच गत. फक्त इथे दक्षिणोत्तर दिशेत नेमकं उलटं होतं: खालची जोडी आखडते, वरची हटून बसते.

इथवर सोपं आहे. मला आवडतो तो भाग यापुढचा, आणि त्यासाठी तापमान घटकाभर विसरू. हाच पत्रा एकदम सपाट आहे असं समजा आणि पूर्व-पश्चिम दोन्ही टोकांना धरून, जाडीच्या बरोबर मध्यावर, सरळ ओढा. खालचे थर या दिशेत ताठ, म्हणून ओढीचा बहुतेक भार तेच घेतात. आकड्यांत १५० पैकी १४० भाग त्यांच्याकडे, वरच्यांकडे फक्त १०. म्हणजे तुम्ही ओढता मध्यावर, पण पत्र्याचा विरोध उभा राहतो मध्याच्या खाली, जाडीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर. दोन बलं एका रेषेत नाहीत, म्हणजे बलयुग्म आलंच. नुसतं ओढलं, तरी पत्रा वाकला. उलट, वाकवला तर त्याची मधली पातळी ताणली किंवा आखडली जाते. ताण आणि वाक यांची ही गाठ सूत्रात अशी दिसते:

```
N = A·ε + B·κ
M = B·ε + D·κ
```

N म्हणजे ओढ, M वाकवणारं बल, ε लांबीतला बदल, κ वाक. A म्हणजे ओढीला होणारा विरोध, D वाकण्याला होणारा विरोध, आणि B या दोघांची गाठ. साध्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात B शून्य असतो, म्हणून ओढणं आणि वाकवणं ही दोन वेगळी खाती राहतात. A ला थरांचा क्रम कळत नाही, तो फक्त बेरीज करतो. B मात्र प्रत्येक थराला त्याच्या मध्यापासूनच्या अंतराने गुणतो, वरचं अधिक, खालचं उणे. मुलांनी हेच चार थर शून्य, नव्वद, नव्वद, शून्य असे ठेवले असते, तर A तोच राहिला असता आणि B शून्य. थंड होतानाचं वाकवणारं बलही तसंच वरखाली कटून गेलं असतं. प्लायवुडमध्ये ३, ५, ७ असे विषम थर असतात, त्यामागेही मध्याच्या वरखाली सारखेच थर ठेवणारा हाच आरसा आहे.

आमच्या पत्र्यात काहीच कटत नाही. आखडण्याची ओढही मध्यावरून सरकलेली आणि ताठपणाही सरकलेला. ही समीकरणं सोडवली की वाकाची त्रिज्या सुमारे १४ सेंटिमीटर येते. १५० मिलिमीटरच्या चौकोनात मधला भाग कडांपासून जवळजवळ २ सेंटिमीटर उचललेला. मुलांच्या पत्र्याला पट्टी लावली तर १८ मिलिमीटर भरले.

पण एक गोची आहे. सूत्र म्हणतं की एका दिशेत वर आणि दुसऱ्या दिशेत तेवढाच खाली, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा आकार यावा. हातात मात्र कौल! १९८१ मध्ये हायर या अमेरिकन संशोधकाने हेच कोडं मांडलं आणि सोडवलं. सपाट कागदाचं खोगीर करून पाहा, तो चुरगळेल. कागद न ताणता फक्त एकाच दिशेने वळतो. मोठ्या, पातळ पत्र्याला खोगीर होण्यासाठी स्वतःला ताणावं लागतं आणि ते फार महाग पडतं, म्हणून तो एका दिशेचा वाक सोडून देतो. दोन सेंटिमीटरचा लहान तुकडा कापलात तर खोगीर दिसेल. कोणती दिशा सोडायची ते मात्र ठरलेलं नसतं. कौलाचा फुगवटा अंगठ्याने दाबा, 'टक' आवाज होतो आणि पत्रा दुसऱ्या दिशेत, उलट्या बाजूने कौल होऊन बसतो. याच्याच जोरावर 'आपोआप आकार बदलणारं विमानाचं पंख' असले व्हिडिओ फिरतात. ते टक होणं खरं आहे, पण त्या पत्र्याने वाऱ्याचा भारही पेलायचा, हे व्हिडिओत कोणी बोलत नाही.

वजन ठेवायच्या उपायाचं काय? तापवल्यावर पत्रा स्वतःहूनच सपाट होतो. क्युअर झालेलं इपॉक्सी पुन्हा वाहत नाही, त्यामुळे थंड झाला की वजन काढताक्षणी कौल परत. मात्र तापवणं निदानाला उपयोगी पडतं. रचना सममित असूनही पीस वाकडा निघतो तेव्हा एखादा थर काही अंशांनी तिरका पडलेला असतो, किंवा एका बाजूने रेझिन जास्त वाहून गेलेलं असतं. अशी वाकडी तापवल्यावर जाते. साच्याला घासून आलेली वाकडी क्युअरच्या तापमानालाही टिकून राहते.

आम्ही मुलांचा पत्रा ओव्हनच्या काचेमागे उभा केला. १०० अंशांना कौल निम्मं उघडलं होतं. १७० ला पट्टीसारखा सरळ दिसला, फक्त एका कोपऱ्याला किंचित उचल होती. तिसरीने लगेच थरांचे फोटो काढून पाहिले. सर्वांत वरचा प्लाय त्या कोपऱ्यात दुमडला होता.