लांडग्याचा पंजा आणि चार्वाकांची शंका

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या गावांत सकाळी पांदणीवर पंजा उमटलेला दिसला की प्रत्यक्ष वाघ पाहायची कोणाला गरज पडत नाही. "रात्री वाघ गेला जी," एवढं एकानं म्हटलं की मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया थांबतात, गुराखी वाट बदलतो. ठसा दिसला, वाघ दिसला नाही, तरी वाघ कळला. या कळण्याला आपल्या तत्त्वज्ञानात अनुमान म्हणतात. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानणाऱ्या चार्वाकांनी नेमकं त्यालाच ज्ञान मानायला नकार दिला.

आठव्या शतकातल्या हरिभद्र या जैन आचार्यांच्या ग्रंथात चार्वाक मताचा एक श्लोक आहे: 'भद्रे, हे लांडग्याचं पाऊल पाहा.' त्यामागची गोष्ट टीकाकार सांगतात. एका चार्वाकानं रात्री धुळीत स्वतःच्या बोटांनी लांडग्याची पावलं काढली. सकाळी गावातली जाणती माणसं जमली आणि लांडगा येऊन गेला असं खात्रीनं सांगू लागली. तेव्हा तो आपल्या बायकोला म्हणाला, बघ, न पाहिलेल्या परलोकाबद्दल बोलणारेही हेच!

ही नुसती फसवणुकीची गोष्ट असती तर 'नीट पाहा' एवढं उत्तर पुरलं असतं. पण चार्वाकांचा आक्षेप खोल आहे. त्यांचे मूळ ग्रंथ हरवले. बरंचसं आपल्याला विरोधकांच्या लिखाणातून कळतं, आणि चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त ही मांडणी फार प्रामाणिकपणे दिली आहे. अनुमानाला 'जिथे जिथे असा ठसा, तिथे तिथे वाघ' असा अपवाद नसलेला नियम लागतो. त्याला व्याप्ती म्हणतात. ही व्याप्ती कळली कशी? डोळ्यांनी म्हणावं, तर डोळे समोरचे चार ठसे पाहतात. मागचे आणि पुढे उमटणारे सगळे ठसे कोणी पाहिले? अनुमानानं म्हणावं, तर त्या अनुमानालाही व्याप्ती लागेल, तिला आणखी एक, आणि हे कुठेच थांबणार नाही. दुसऱ्यानं सांगितलं म्हणावं, तर त्याला तरी कसं कळलं?

शिवाय नियमाआड एखादी लपलेली अट असू शकते. तिला उपाधी म्हणतात. विस्तव असला की धूर असतो, असं चुलीपाशी बसून वाटतं. पण लोहाराकडचा लालबुंद लोखंडी गोळा पाहा: विस्तव आहे, धूर नाही. धुराला ओलं जळण लागतं, ही अट आपण धरलीच नव्हती. ठशांच्या बाबतीतही हे घडलं. मोठा ठसा म्हणजे मोठा वाघ असं मानावं, तर मऊ चिखलात ठसा पसरतो. जमीन कशी होती ही अट मध्ये येते. १९७२ च्या देशव्यापी गणनेपासून वाघ ठशांवरून मोजले जात, २००६ च्या गणनेपासून कॅमेऱ्यांवर भर आला. ठशांवरून एकेक वाघ ओळखण्याचा भरवसा डळमळण्यामागे हे एक कारण होतं. उपाधीची शंका किती खरी आहे ते इथे दिसतं.

उत्तरं बरीच आली. सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती म्हणतात की सोबत दिसणं पुरेसं नाही, दोन गोष्टींत स्वभावाचंच बंधन हवं, जसं कार्य आणि कारण यांचं. पुढच्या बौद्धांनी त्याची कसोटीही सांगितली: आधी धूर नव्हता, विस्तव आणला, धूर आला, विस्तव काढला, धूर गेला. हे उत्तर मला मोलाचं वाटतं, कारण त्यात नुसतं मोजणं नाही, करून पाहणं आहे. पण पावलाला काहीतरी कारण हवं एवढंच त्यातून मिळतं. ते कारण पंजा की बोटं, हे ठसा बारकाईनं वाचूनच ठरतं.

मिथिलेचे न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्राचे पंडित उदयनाचार्य शंकेलाच धरतात. दुसऱ्या काळी, दुसऱ्या जागी नियम मोडेल असं चार्वाक म्हणतो, तेव्हा न पाहिलेला काळ आणि जागा त्यानं अनुमानानंच मानलेली असते. दिसत नाही ते नाहीच म्हणावं, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकापोरं दिसत नाहीत म्हणून ऊर बडवून रडावं लागेल! आणि शंकेला हद्द आहे: स्वतःच्या वागण्याशी विरोध येईपर्यंतच ती टिकते. धूर हवा असला की चार्वाकही विस्तवच शोधतो.

यावर चार्वाकांचं म्हणणं असं की वागायला खात्री लागत नाही, संभव पुरतो. पांदणीवरून परतणाऱ्या गुराख्याला हे पटेल. वाघ असेलच असं नाही, पण असू शकतो, एवढ्यावर तो वाट बदलतो. उदयन विचारतात, हा संभव योग्य होता हे तरी कशावरून ठरवणार?

पुरंदर नावाच्या चार्वाकानं मधली वाट काढली. त्याचं मत बौद्ध पंडित कमलशीलांनी नोंदवलं आहे: लोकव्यवहारातलं अनुमान चालेल, त्यापलीकडचं नाही. या मापानं धुरावरून विस्तव मान्य, पंजावरून वाघही मान्य. दोन्ही पुन्हा डोळ्यांनी तपासता येतात. उदयनांना मात्र एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. त्यांचा 'न्यायकुसुमांजली' ईश्वर सिद्ध करण्यासाठी आहे: मडक्याला कुंभार असतो, तसा पृथ्वीलाही कर्ता असला पाहिजे. पुरंदरच्या बाजूचा माणूस इथे विचारेल की कुंभाराला मडकं घडवताना आपण पाहिलं आहे, पृथ्वी घडवताना कोणाला पाहिलं?