रकाना की बाण: मिथक वाचण्याच्या दोन रीती

उन्हाळा लागला की माझ्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा येतो. विषय ठरलेला असतो: पवित्र कथांचा अर्थ लावताना संरचनावादी आणि ऐतिहासिक दृष्टिकोनांची तुलना करा. आणि त्या गठ्ठ्यात एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: 'ऐतिहासिक पद्धत मिथकामागचं सत्य शोधते, तर संरचनावादी पद्धत मिथकातली प्रतीकं शोधते.' नागपुरात इतकी वर्षं हा विषय शिकवतो आहे, पण हे वाक्य काही जात नाही. त्याचे दोन्ही तुकडे चुकीचे आहेत.

पहिला तुकडा लवकर निपटवतो, कारण इतिहासाची पद्धत आपल्याकडच्या वाचकाला तशी ओळखीची आहे. 'नृसिंह म्हणजे सिंहाचं चिन्ह मिरवणाऱ्या एखाद्या टोळीचा राजा असावा' असं लिहिणं म्हणजे इतिहास नव्हे, ती अटकळ झाली. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलावर लिहिलं तेव्हा विठ्ठल खरोखर होऊन गेला का, हा त्यांचा प्रश्न नव्हता. हा देव कोणत्या थरांमधून घडत आला, हा होता. ऐतिहासिक पद्धत घटनेचा नव्हे, कथेचा इतिहास मांडते.

दुसरा तुकडाही असाच. सिंह म्हणजे शौर्य, खांब म्हणजे विश्वाचा अक्ष, अशी यादी करणं संरचनावादात बसत नाही. ही पद्धत मिथकांना लावणारा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याच्या लेखी सुट्या सिंहाला अर्थच नसतो. सिंह कोणासमोर उभा आहे आणि कोणाच्या जागी आला आहे, यावरून त्याला अर्थ येतो. कथेत दोन-चार विरोधी जोड्या शोधून 'ही संरचना' असं म्हणणंही पुरेसं नाही, आणि हे मी लाल शाईनं लिहून लिहून थकलो आहे. एकाच पाठावर, म्हणजे कथेच्या एकाच रूपावर, केलेलं संरचनावादी विश्लेषण अपुरंच असतं.

खरी फूट तिथेच आहे: एकाच कथेचे अनेक पाठ हाती आले की तुम्ही त्यांचं काय करता?

इतिहासकार ते ओळीनं लावतो. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, कोणी काय घातलं, काय गाळलं आणि का. दोन पाठांच्या मध्ये तो बाण काढतो. लेव्ही-स्ट्रॉस 1955 च्या आपल्या निबंधात नेमकं उलट करतो. मूळ पाठ शोधण्याचा नादच सोडा, असं तो सांगतो. मिथक म्हणजे त्याचे सगळे पाठ मिळून. ईडिपसच्या ग्रीक कथेचं विश्लेषण करताना फ्रॉइडनं लावलेला अर्थसुद्धा तो त्याच कथेचा एक पाठ म्हणून धरतो. इतिहासकाराला हे पचणं कठीण, कारण त्या कथेवर नाटक लिहिणारा सोफोक्लीस आणि फ्रॉइड यांच्यात दोन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. लेव्ही-स्ट्रॉस सारखे प्रसंग एकाखाली एक लिहून त्यांचे रकाने करतो. मग कथेची ओळ आडवी वाचायची आणि रकाना उभा.

वर्गात मी याची एक सोपी परीक्षा सांगतो. सगळे पाठ वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि पत्त्यांसारखे पिसा. क्रम बदलल्यावरही तुमचा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहिला, तर तो संरचनावादी. कोसळला, तर ऐतिहासिक. निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाला ही परीक्षा लावून बघा. एकाच परिच्छेदात दोन्ही उत्तरं येत असतील तर तिथे गोंधळ आहे.

आता नृसिंहाचीच कथा घेऊ. ती सगळ्यांना पाठ असते आणि म्हणूनच नीट वाचली जात नाही. हिरण्यकशिपूनं वर मागितला: मरण आत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्रानं नको. ही भागवताच्या सातव्या स्कंधातली यादी. मग देव नर-सिंह होऊन आला, उंबरठ्यावर त्याला मांडीवर घेतलं आणि नखांनी फाडलं. कीर्तनकार तिन्हीसांजेची वेळही आवर्जून सांगतात. विद्यार्थ्याला वाटतं, संरचनावादासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार! दोन टोकं आणि त्यांच्यामधली जागा, सगळं आयतं. पण आयतं आहे म्हणूनच इथे अजून विश्लेषण झालेलं नाही. कथेनं स्वतः जे सांगितलं तेच आपण पुन्हा सांगितलं.

म्हणून दुसरी एक कथा शेजारी ठेवू. शतपथ ब्राह्मण या पुराणांहून जुन्या वैदिक ग्रंथात इंद्र आणि नमुचि नावाचा असुर यांची कथा आहे. इंद्रानं नमुचीला शपथ दिलेली असते: तुला दिवसा मारणार नाही, रात्री मारणार नाही, काठीनं नाही, धनुष्यानं नाही, ओल्यानं नाही, सुक्यानं नाही. मग रात्र सरत आलेली आणि सूर्य उगवायचा असताना इंद्र पाण्याच्या फेसानं त्याचं डोकं उडवतो. फेस ना ओला, ना सुका.

हे साम्य कोणालाही दिसेल. प्रश्न असा की दिसल्यावर त्याचं करायचं काय?

संरचनावादी नमुचि आणि हिरण्यकशिपु यांना एकाच रकान्यात बसवेल. फेस आणि नखं, पहाट आणि तिन्हीसांज एकमेकांखाली येतील. दोन्हीकडे एकच अडचण आहे: भाषा जगाचे दोन वाटे करते आणि कोणीतरी त्या दोन वाट्यांच्या मधल्या फटीतून आत येतं. यातली कोणती कथा जुनी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

इतिहासकार इथे बाण काढेल, आणि त्याच्याकडे चांगला पुरावा आहे. मत्स्यपुराणात हिरण्यकशिपूनं मागितलेल्या वरातही 'सुक्यानं नको, ओल्यानं नको' हे कलम आहे. आता नृसिंहाची कथा पुन्हा आठवा. या कलमाचं पुढे काय होतं? काहीच नाही. नखं ओली की सुकी, हा प्रश्न कोणाला पडत नाही. नमुचीच्या कथेत याच कलमावर सगळा वध उभा आहे. इथे ते नुसतं पडून आहे. एखाद्या जुन्या वाड्याचं लाकूड नव्या घरात वापरावं आणि त्यात जुन्या बिजागरीची खाच तशीच राहावी, तसं. त्या खाचेवरून कळतं की लाकूड कुठून कुठे गेलं. भागवताच्या यादीत हे कलम नाही. तिथे आत-बाहेर आहे, आणि उंबरठा त्याचं उत्तर देतो. कथा सांगणाऱ्यांनी बिनकामाचं कलम काढून टाकलं आणि कामाची कलमं नीट बसवली, असं मला ठामपणे वाटतं. चिठ्ठ्या पिसल्या तर हा सगळा युक्तिवाद मोडतो, म्हणजे तो ऐतिहासिक आहे.

आणि इथेच ती ठरलेली चूक होते. विद्यार्थी भागवतातला सर्वांत घोटीव पाठ उचलतो, त्यातल्या जोड्या मोजतो आणि लिहितो: 'प्राचीन भारतीय मन असं द्वंद्वात्मक विचार करत होतं.' कोणतं प्राचीन? विष्णुपुराणात प्रल्हादाचा छळ अनेक अध्याय चालतो आणि नृसिंहानं केलेला वध मात्र जाता जाता उरकला जातो. तिथे उंबरठा नाही, खांबही नाही. हरिवंशातला प्रल्हाद छळ सोसणारा पोर नाही. भर सभेत आलेल्या नृसिंहाच्या देहात त्याला सारं विश्व दिसतं. 'प्राचीन मन' असं म्हणताच तुम्ही काळाबद्दल बोलू लागता, आणि काळाबद्दल बोलायचं तर पाठांचा क्रम दाखवावाच लागतो. रकान्यावरून हळूच बाणाचा निष्कर्ष काढायचा, ही ती चूक. उलटी चूकही असते: हा पाठ उशिराचा म्हणून 'खरा' नाही, असं म्हणून तो रकान्यातूनच काढून टाकायचा.

मग बाण सगळीकडे चालतो का? नाही, आणि वामनाची कथा शेजारी ठेवली की ते दिसतं. बळी हा प्रल्हादाचा नातू. नृसिंहाच्या कथेत दैत्य मागतो आणि देव देतो. वामनाच्या कथेत देव मागतो आणि दैत्य देतो. पहिल्या कथेत मागणाराच आपल्या शब्दांत अडकतो, कारण त्याची यादी कितीही लांबवली तरी एक फट उरते. दुसरीत देणारा अडकतो, कारण 'तीन पावलं' या शब्दांत किती मावेल हे त्यानं मोजलेलं नसतं. एकात यादी लांब आणि फट बारीक. दुसऱ्यात मागणं लहान आणि पाऊल अफाट. एक कथा दुसरीची उलटी केलेली आकृती आहे. यातलं कोण कोणावरून घेतलं, याला इथे उत्तर नाही आणि त्याची गरजही नाही. वामनाची तीन पावलं वेदांपर्यंत मागे जातात, हे खरं. पण ते कळल्यानं या उलटापालटीबद्दल काहीच कळत नाही. इथे मी बाण खाली ठेवतो आणि रकाना घेतो.

'दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत' या वाक्यानं निबंध संपवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की कुठे कोणता चालला आणि कुठे थांबला हे दाखवा, नाहीतर ते वाक्य लिहू नका.

रामटेकला मी मुलांना नेतो ते यासाठीच. नागपूरहून तासाभराच्या वाटेवर, गडावर चढताना केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही वाकाटककाळची दोन देवळं लागतात, पाचव्या शतकातली. पायथ्याजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथली राणी. नवरा गेल्यावर तिनं अल्पवयीन मुलांच्या वतीनं राज्य चालवलं. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या, म्हणजे या टेकडीवरच्या देवाच्या, पायांपासून दिलेला आहे.

गेल्या खेपेला एक मुलगी केवल नृसिंहाच्या गाभाऱ्यात डोकावली आणि मागे वळून म्हणाली, "सर, मांडीवर तर कोणीच नाही आहे."

नाहीच आहे. भला थोरला नृसिंह ऐसपैस बसलेला, हातात चक्र, समोर शांत नजर. ना हिरण्यकशिपु, ना खांब, ना प्रल्हाद. दुसऱ्या देवळातही तसाच.

तिचा सोबती लगेच म्हणाला, म्हणजे तेव्हा वधाची कथाच नव्हती. मी त्याला थांबवलं. महाभारताच्या वनपर्वात नृसिंहरूपानं हिरण्यकशिपूला मारल्याचा उल्लेख आहे, तेव्हा मूर्तीत दैत्य नाही म्हणून लोकांना कथा माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. मूर्ती हा कथेचा पाठ नाही. ती पूजेसाठी घडवलेली आहे. बाण काढायचा तर तो इथून काढावा लागेल: राजघराण्याला आपल्या टेकडीवर हा देव कोणत्या रूपात हवा होता, फाडणारा की चक्र हाती धरून राखणारा? ती मुलगी उतरताना पायऱ्यांवर थांबून वहीत हेच लिहीत होती, आणि वरच्या रकान्यात तिनं 'मांडी' हा शब्द लिहून खालची जागा कोरी ठेवली होती.