टी-स्कोर आणि झेड-स्कोर: ठिपका एकच, मोजपट्ट्या दोन

हाडांच्या घनतेचा रिपोर्ट हातात आला की त्यात दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. बहात्तर वर्षांच्या एका बाईंचा रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या मानेसमोर, म्हणजे 'Neck' या ओळीत, टी-स्कोर -२.६ आणि झेड-स्कोर -०.७ आहे. घरच्यांचं लक्ष -०.७ वर जातं आणि त्यांना हायसं वाटतं. पण या वयात निदान ठरतं ते पहिल्या आकड्यावरून.

दोन्ही आकडे एकाच मोजमापातून निघतात. यंत्राने मानेची घनता ०.५६ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर मोजली. विशीतल्या निरोगी स्त्रियांची सरासरी ०.८५ आणि त्यांच्यातला नेहमीचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ०.११ धरू. सरासरीपेक्षा ०.२९ कमी, भागिले ०.११, उत्तर -२.६. हा टी-स्कोर. आता तुलना बहात्तरीच्या स्त्रियांशी करू. त्यांची सरासरी ०.६४ धरली तर फरक उरतो ०.०८ चा, आणि झेड-स्कोर येतो -०.७. बाईंचं हाड तेच आहे, बदलली ती तुलना. वयाबरोबर सगळ्यांचीच हाडं झिजतात, म्हणून झेड-स्कोर जवळजवळ ठीक दिसतो. झिजलेल्यांच्या गर्दीत सरासरी असणं म्हणजे हाड मजबूत असणं नव्हे.

रिपोर्टवरच्या आलेखात हे डोळ्यांनी दिसतं. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर घनता. बऱ्याच यंत्रांच्या रिपोर्टमध्ये आडवे रंगीत पट्टे असतात, ते टी-स्कोरचे. त्यांच्यावरून वयाबरोबर खाली उतरत जाणारा तिरका पट्टा त्या वयाची अपेक्षित घनता दाखवतो. बाईंचा ठिपका तिरक्या पट्ट्याच्या आत आहे, पण सगळ्यात खालच्या आडव्या पट्ट्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार टी-स्कोर -१ किंवा त्याहून वर असेल तर घनता ठीक, -१ आणि -२.५ यांच्या मधे असेल तर कमी, आणि -२.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हे निकष रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी आहेत. तिशीतल्या बाईला टी-स्कोरवरून हे लेबल लावणं चूक. तिथे झेड-स्कोर बघायचा: तो -२ किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी आहे. म्हाताऱ्या माणसातही झेड-स्कोर इतका खाली गेला तर नुसत्या वयाला दोष देऊन भागत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइड किंवा पॅराथायरॉइडचा आजार असं काही कारण शोधावं लागतं.

आता मणक्याचं पान. याच बाईंच्या कमरेच्या L1-L4 मणक्यांचा एकत्रित टी-स्कोर आहे -०.९, म्हणजे चक्क ठीक. मग खुबा खोटा की मणका? इथे आकडे बाजूला ठेवून आधी चित्र बघावं, असं माझं ठाम मत आहे. मणकेवार ओळी अशा आहेत: L1 -२.६, L2 -२.४, L3 -०.५, L4 +१.२. शेजारच्या दोन मणक्यांच्या टी-स्कोरमध्ये एकापेक्षा जास्त फरक पडला की संशय घ्यायचा. L2 आणि L3 मध्ये तो १.९ आहे. चित्रातही L3 आणि L4 च्या कडा पांढऱ्याफटक आणि वेड्यावाकड्या दिसतात. उतारवयात मणक्यांच्या कडेला वाढलेलं हाड असं दिसतं, आणि यंत्र त्यातलं कॅल्शियमही घनतेत मोजतं. दबून मोडलेला मणकाही असाच फसवतो, कारण तेवढंच हाड कमी जागेत बसल्याने तो दाट दिसतो. एका मणक्यावरून निदान करत नाहीत, किमान दोन तरी वाचण्याजोगे हवेत. इथे L3 आणि L4 वगळून L1-L2 चा टी-स्कोर -२.५ येतो, आणि मणका खुब्याच्या सुरात सूर मिळवतो.

खुब्यात अशी वाढ सहसा आड येत नाही, म्हणून उतारवयात तो जास्त भरवशाचा. मात्र पाय आत वळवून ठेवलेला असायला हवा. चित्रात मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा छोटा उंचवटा ठळक बाहेर आलेला दिसला, तर पाय पुरेसा वळलेला नाही, असं समजावं. खुब्याच्या ओळींपैकी 'Neck' आणि 'Total' याच निदानासाठी धरायच्या. 'Ward's' ची ओळ बहुधा सर्वात कमी आकडा दाखवते आणि उगाच धास्ती लावते. ती सोडून द्यायची. मणका, मान आणि संपूर्ण खुबा यांतला सर्वात कमी टी-स्कोर निर्णायक असतो. या बाईंच्या बाबतीत तो मानेचा, -२.६.

पुढच्या वेळी तुलना करताना स्कोर नव्हे, ग्रॅममधली घनता ताडून बघावी, शक्यतो त्याच यंत्रावरची. आणि मणक्याची तुलना L1-L2 शीच करावी. नाहीतर L4 वर वाढलेलं हाड औषधाचा गुण म्हणून मोजलं जाईल.